लांब एचडीएमआय: आधी पडदा वाचा, मग केबल घ्या

व्हीजीएची केबल लांब केली की चित्र हळूहळू बिघडत जाई. अक्षरांच्या बाजूला सावली उमटे, रंग फिके पडत, तरी काम चालून जाई. एचडीएमआयचा स्वभाव तसा नाही. त्यातून चित्र आकड्यांच्या रूपात जातं; आकडा एकतर जसाच्या तसा पोचतो, नाहीतर चुकतो. त्यामुळे पडद्यावरचं चित्र धूसर दिसत असेल तर लगेच लांब केबलवर संशय घेऊ नका. प्रोजेक्टरचा फोकस, लॅपटॉपनं निवडलेलं कमी रिझोल्यूशन, किंवा चित्र दाबून लहान करून पाठवणारा एखादा स्वस्त एक्स्टेंडर, यांपैकी काहीतरी त्यामागे असतं. केबल कमी पडते तेव्हाची लक्षणं वेगळी असतात. ती ओळखता आली तर पैसे कुठे घालायचे हे दुकानात जाण्याआधीच ठरतं.

पहिलं लक्षण म्हणजे ठिपके. चित्र व्यवस्थित असतं, पण त्यावर पांढरे किंवा रंगीत बारीक ठिपके क्षणभर चमकून जातात, दर वेळी वेगळ्या जागी. काळ्या पार्श्वभूमीवर ते ठळक दिसतात, पांढऱ्या पानावर लपतात. म्हणूनच कागदपत्रं दाखवताना सगळं ठीक वाटतं आणि सिनेमातलं रात्रीचं दृश्य आलं की तक्रार सुरू होते. एकेक ठिपका म्हणजे चुकलेला पिक्सेल. १८ गिगाबिटपर्यंतच्या एचडीएमआयमध्ये चित्राच्या आकड्यांतली चूक दुरुस्त करण्याची सोयच नाही, त्यामुळे ती थेट पडद्यावर येते. नुकसान वाढलं की ठिपक्यांच्या जागी आडव्या तुटक रेघा दिसू लागतात. आणखी वाढलं की टीव्हीची पकड सुटते: पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, चित्र परत येतं, परत जातं. शेवटी नो सिग्नल.

ठिपक्यांपासून काळ्या पडद्यापर्यंतचा हा प्रवास फार लहान असतो. आज चार ठिपके दिसणारी केबल उद्या पिन थोडी सैल झाली तरी पूर्ण बंद पडू शकते. म्हणून ‘थोडेसेच तर दिसतात’ म्हणून सोडून देणं धोक्याचं. २०१७ साली आलेल्या २.१ आवृत्तीच्या ४८ गिगाबिट पद्धतीत चूक सुधारण्याची व्यवस्था आहे, पण त्याचा दुसरा परिणाम असा की तिथे ठिपक्यांची पूर्वसूचना बहुधा मिळत नाही. चित्र उत्तम चालतं आणि एकदम जातं.

हे नुकसान होतं कशामुळे? तांब्याच्या तारेत सिग्नल जितका वेगवान, तितका तो वाटेत जास्त झिजतो. ढोल-ताशाचं पथक लांबच्या रस्त्यावर असताना ढोलाचा घुमारा घरापर्यंत येतो आणि ताशाची तडतड वाटेतच विरते, तसंच काहीसं केबलमध्ये होतं. सिग्नलमधले झटपट चढउतार विरतात आणि फक्त संथ हेलकावे उरतात. मग पलीकडच्या टोकाला शून्य कुठे संपलं आणि एक कुठे सुरू झाला हे ओळखणं अवघड होतं. १०८०पी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर केबलमधल्या चित्र वाहणाऱ्या तीन जोड्यांपैकी प्रत्येकीतून साधारण दीड गिगाबिट जातात. फोर-के चित्र त्याच गतीनं पाठवायचं तर प्रत्येक जोडीवर जवळजवळ सहा गिगाबिटचा भार येतो. ‘पंधरा मीटरची केबल चालते का’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं. कोणतं चित्र पाठवणार, ते आधी सांगावं लागतं.

साध्या, म्हणजे आत कुठलीही चिप नसलेल्या तांब्याच्या केबलबद्दल माझा हिशोब सावध आहे. १०८०पीसाठी चांगल्या जाड तारेची केबल दहा मीटरपर्यंत निश्चिंत, पंधरापर्यंत परीक्षा घेऊन. फोर-के ६०साठी पाच मीटरपर्यंत निश्चिंत, त्यापुढे प्रत्येक मीटर नशिबावर. खोक्यावर नुसतं ‘फोर-के’ छापलेलं असेल तर ते बहुधा सेकंदाला ३० चित्रांचं, म्हणजे निम्म्या भाराचं असू शकतं. ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं लेबल आणि स्कॅन करता येणारा शिक्का असेल तर ती केबल १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटसाठी.

ठिपके आणि रेघा वेगवान जोड्यांची कहाणी सांगतात. पण एचडीएमआयच्या १९ पिनांमध्ये काही संथ तारासुद्धा आहेत आणि त्यांचे बिघाड वेगळे दिसतात. यांतल्या दोन तारांवरून टीव्ही लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगतो: मी इतक्या रिझोल्यूशनचा, मला असे रंग चालतात. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. केबल खूप लांब झाली की या तारांवरचे सिग्नल सुस्तावतात, ओळख नीट वाचली जात नाही आणि लॅपटॉप स्वतःच्या अंदाजानं १०२४ बाय ७६८ असं काहीतरी पाठवतो. चित्र स्थिर असतं, ठिपका एकही नाही, पण रिझोल्यूशन चुकीचं. याच तारांवरून कॉपी-संरक्षणाची, म्हणजे एचडीसीपीची बोलणी होतात. ती फिसकटली तर लॅपटॉपचा डेस्कटॉप व्यवस्थित दिसतो, पण सेट-टॉप बॉक्स किंवा सिनेमाचं ॲप लावलं की पडदा काळा होतो, कधी संपूर्ण पडदाभर रंगीत मुंग्या येतात. अशा वेळी जाड केबल आणून उपयोग नसतो. ओळखपत्र साठवून ठेवणारी छोटी डबी किंवा तशी सोय असलेला एक्स्टेंडर लागतो, आणि फोर-के संरक्षित चित्रासाठी साखळीतल्या प्रत्येक यंत्राला एचडीसीपी २.२ यावं लागतं.

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ. तालुक्याच्या गावातल्या एका ग्रंथालयाचं सभागृह. छताला फोर-के प्रोजेक्टर, व्यासपीठावर लॅपटॉप. नजरेनं मोजलं तर दोघांत बारा मीटर. पण केबल हवेतून जात नाही. व्यासपीठापासून भिंतीपर्यंत पाच मीटर, भिंतीवर वर चार, छतावरून सभागृहाच्या मध्यापर्यंत अकरा, खाली प्रोजेक्टरपर्यंत एक, आणि दोन्ही टोकांना सैल सोडायला एकेक. एकूण तेवीस. म्हणून पंचवीस मीटरची साधी केबल आणून पाइपातून ओढली गेली. १०८०पीवर काळ्या स्लाइडवर ठिपके पडत, आणि फोर-के लावलं की काहीच नाही. ग्रंथपाल बाईंचा प्रश्न रास्त होता: “दादा, हीच केबल महागातली घेतली तर होईल ना?”

उत्तर द्यायच्या आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहावं लागतं, आणि त्याला यंत्रं लागत नाहीत. लॅपटॉप शिडीपाशी नेऊन प्रोजेक्टरला दोन मीटरच्या केबलनं जोडला. फोर-के स्वच्छ आलं, म्हणजे दोन्ही टोकं निर्दोष. मग लांब केबल परत लावून लॅपटॉपचं रिझोल्यूशन १२८० बाय ७२० केलं. ठिपके पूर्ण थांबले. ही कसोटी सगळ्यात मोलाची आहे. भार निम्मा केल्यावर ठिपके जात असतील तर केबलमधलं नुकसान हेच कारण. भार कमी करूनही तसेच राहत असतील तर सैल पिन, तुटलेली तार किंवा बाहेरचा विद्युत त्रास शोधायचा. विंडोजमध्ये खरोखर काय पाठवलं जातंय हे Advanced display या पानावर Active signal mode समोर लिहिलेलं असतं. डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष सिग्नल वेगवेगळे असू शकतात, म्हणून बघायचं ते इथे.

टीव्ही असेल तर आणखी एक सोपी चाचणी आहे. सॅमसंगमध्ये Input Signal Plus, एलजीमध्ये HDMI Ultra HD Deep Colour, सोनीमध्ये Enhanced format अशी त्या त्या पोर्टची सेटिंग असते. ती बंद केली की टीव्ही आपल्या ओळखपत्रात कमी क्षमता सांगतो आणि समोरचं यंत्र आपोआप हलकं चित्र पाठवतं. बंद केल्यावर ठिपके गेले, तर निदान तेच. ज्यांना केबल बदलणं शक्यच नाही, त्यांनी हाच उपाय कायमचा ठेवला तरी चालतो. घरच्या टीव्हीवर सिनेमा पाहताना हा फरक बहुतेकांना जाणवणार नाही.

सभागृहात मात्र फोर-के हवं होतं, आणि त्यासाठी तेवीस मीटरवर साधी केबल कितीही महाग घेतली तरी भरवशाची नव्हती. मग उरतात तीन वाटा.

पहिली वाट ॲक्टिव्ह तांब्याची केबल. तिच्या टीव्हीकडच्या टोकात एक चिप असते. वाटेत विरलेले झटपट चढउतार ती पुन्हा उचलून देते. अशी केबल बारीक आणि लवचिक असते, आणि फोर-के ६० साधारण दहा-पंधरा मीटर नेते. ती एकाच दिशेनं चालते. टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काही जळत नाही, पण चित्रही येत नाही, आणि भिंतीत गेल्यावर ही चूक महागात पडते. चिप जे पुरतं नष्ट झालंय ते परत आणू शकत नाही. म्हणून वीस मीटरच्या केबलच्या सुरुवातीला, लॅपटॉपजवळ रिपीटरची डबी लावून फारसा फायदा होत नाही. डबी मध्ये, सिग्नल अजून ओळखू येतोय तिथे लावावी लागते, आणि सभागृहाच्या छतात मध्येच वीज आणि डबी ठेवायला जागा क्वचितच असते. तेवीस मीटरला ही वाट बाद.

दुसरी वाट फायबरची, जिला दुकानात ऑप्टिकल एचडीएमआय किंवा एओसी म्हणतात. वेगवान चार मार्ग काचेच्या धाग्यांतून प्रकाशानं जातात, संथ तारा बहुतेक वेळा तांब्याच्याच राहतात. प्रकाशाला तीस-चाळीस मीटर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे या अंतरावर फोर-के ६० सहज जातं. तिची अडचण वेगळीच आहे. दोन्ही टोकांतल्या चिपांना लागणारी वीज ती लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टातल्या पाच व्होल्टवरून घेते, आणि त्या पोर्टानं किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत इतकाच नियम आहे. सभागृहात रोज नवा पाहुणा नवा लॅपटॉप घेऊन येतो, त्यातल्या निम्म्यांकडे टाइप-सीचं लहानसं अडॅप्टर असतं. एका लॅपटॉपवर चित्र येतं, दुसऱ्यावर येत नाही, तिसऱ्यावर चमकून जातं, अशी तक्रार एओसीच्या बाबतीत ऐकली तर आधी या विजेवर संशय घ्यावा. काही केबलना टोकाला यूएसबीची वेगळी वीज देण्याची जागा असते. सार्वजनिक जागेसाठी तशीच घ्यावी. शिवाय काचेचा धागा तीव्र वळण सहन करत नाही. पाइपाच्या कोपऱ्यात जोरात ओढली तर ती आतून तुटते आणि जोडता येत नाही. घराच्या भिंतीत, एकाच ठरलेल्या प्लेअरपासून प्रोजेक्टरपर्यंत मात्र मी हीच सुचवतो.

तिसरी वाट कॅट-६ केबलवरचे एक्स्टेंडर, आणि इथे नावांचा गोंधळ फार आहे. सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्या, मध्ये नेटवर्कची केबल, किंमत मात्र कित्येक पट कमी-जास्त. सगळ्यात स्वस्त प्रकारात दोन कॅट-६ केबल लागतात आणि आत जवळजवळ काहीच नसतं. तो म्हणजे लांब साध्या केबलचेच सगळे दोष, वर चार जोड. दुसरा प्रकार चित्र दाबून नेटवर्कसारखं पाठवतो. शंभर मीटर जातो, साध्या स्विचमधूनही जातो, पण उशीर लागतो आणि वेगवान हालचालीत चौकोन दिसतात. कीर्तन किंवा नाटक चालू असताना समोरच्या माणसाचं कॅमेऱ्यातलं चित्र बाजूच्या पडद्यावर दाखवायचं असेल तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. त्या कामाला हा प्रकार वापरू नये.

तिसरा प्रकार एचडीबेसटी. ही पद्धत २०१० साली एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि व्हॅलेन्स यांनी मिळून पुढे आणली. एकाच कॅट केबलवरून चित्र, आवाज, रिमोटचे संकेत आणि बरेचदा दुसऱ्या डबीची वीजही जाते. उशीर डोळ्यांना जाणवतच नाही. पाहायचं ते एवढंच की जुन्या पिढीच्या डब्यांची क्षमता सुमारे दहा गिगाबिटची आहे. त्यांवरून फोर-के ३० जातं, फोर-के ६० पूर्ण रंगांसह जात नाही, आणि खोक्यावरचं सत्तर मीटर हे १०८०पीचं असतं. फोर-केला तो आकडा चाळीसच्या आसपास येतो. ३.० आवृत्तीच्या डब्यांवरून १८ गिगाबिटचं चित्र न दाबता जातं. माहितीपत्रकात फोर-के ६०च्या पुढे ४:४:४ लिहिलंय की ४:२:० हे बघितलं की कोणती डबी ते कळतं.

त्या सभागृहासाठी एचडीबेसटी ठरली. रोजची उघडझाप व्यासपीठावरच्या दोन मीटरच्या साध्या केबलवर होते, ती खराब झाली की बदलायची. भिंतीतली कॅट-६ कुणी हलवत नाही. डबीला स्वतःची वीज असल्यानं पाहुण्याच्या अडॅप्टरवर तिचा भार पडत नाही. आणि पाइप पाऊण इंची होता. एचडीएमआयचं साचेबद्ध तोंड त्याच्या वळणातून जात नव्हतं, कॅट-६ मात्र आधी ओढून नंतर तिला तोंड बसवता आलं.

पण या वाटेचं यश केबलवर आहे. बाजारात ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त कॅट-६ भरपूर मिळते. इंटरनेटला ती कशीबशी चालते, एचडीबेसटीला चालत नाही. शुद्ध तांब्याची, एकसंध तारेची केबल मागा, आणि शंका आली तर तार ब्लेडनं खरवडून पाहा. आत पांढरी दिसली तर परत करा. वाटेत जोड नको, भिंतीतली सॉकेटही शक्य तेवढी कमी. दोन्ही टोकांना रंगांचा एकच क्रम हवा. ही केबल नेटवर्कच्या स्विचमध्ये कधीच लावायची नाही. डबी ते डबी सरळ. उरलेली केबल घट्ट गुंडाळून छतात कोंबू नका, कापून टाका. विजेच्या वायरीपासून फूटभर लांब न्या, आणि त्यांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. वायरमनकडचा हिरवे दिवे लावणारा टेस्टर तारा जुळल्यात एवढंच सांगतो. वेगवान सिग्नल नीट जाईल का, हे तो सांगू शकत नाही.

एचडीबेसटीमध्ये नुकसान झालं तर ते साध्या केबलसारखं ठिपक्यांनी फारसं दिसत नाही. चित्र क्षणभर जातं आणि येतं, किंवा डबीवरचा लिंकचा दिवा विझून पेटतो. हे पंखा किंवा स्टेजवरच्या दिव्यांचा डिमर चालू करतानाच होत असेल तर विजेच्या वायरीशी असलेली जवळीक तपासा. दिवा स्थिर असूनही पडदा काळा होत असेल, तर कॅट-६ला हात न लावता दोष एचडीसीपीत किंवा टोकाच्या लहान एचडीएमआय केबलमध्ये शोधा.

दोन वेगळ्या इमारतींमध्ये, किंवा मांडवापासून घरापर्यंत चित्र न्यायचं असेल तर सल्ला बदलतो. दोन ठिकाणचं अर्थिंग वेगळं असलं की तांब्याच्या केबलमधून नको ती वीज वाहते आणि पोर्ट जळतात; पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर धोका आणखी. अशा ठिकाणी संपूर्ण काचेचा, तांबं अजिबात नसलेला फायबर एक्स्टेंडर लावावा. नेहमीची एओसी तिथे पुरत नाही, कारण तिच्यात संथ तारांसाठी तांबं असतंच.

कोणतीही वाट निवडा, केबल पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडा. जे चित्र रोज पाठवणार त्याच्यापेक्षा वरच्या दर्जाचं चित्र लावा: १०८०पी हवं असेल तर फोर-के ३०वर तपासा. पडदाभर काळपट राखाडी रंग ठेवा, पंखे, एसी, दिवे सगळं चालू करा आणि अर्धा तास नजर ठेवा. एकही ठिपका नको, पडदा एकदाही काळा व्हायला नको. मग दिशा तपासून दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा, आणि केबल ओढताना तिच्यासोबत एक नायलॉनची दोरी पाइपात मोकळी सोडून ठेवा. पुढच्या वेळी केबल बदलायची झाली तर फॉल्स सीलिंग फोडावं लागणार नाही.